पावसाळ्यात आव पडली तर ताजा नमुना द्या, आणि डुकरांकडं पण बघा

खानापूर, बेळगाव भागात रोपलावणीच्या दिवसात आडाचं पाणी वर येतं, आणि परड्यातली डुकरांची घाण पावसानं धुऊन त्यातच उतरते. तिच्यातनं येतो बॅलँटिडियम कोलाय, आतड्यात राहणारा एकपेशीय जीव. डुक्कर खातंपितं ठणठणीत दिसतं, पण त्याच्या शेणातनं हा जीव बाहेर पडत असतो, आणि आपल्याला मात्र आव, कधी रक्त, पोटात मुरडा.

गेल्या वर्षी आमच्या वाडीतल्या एका काकांचं असंच झालं. पाच दिवस पातळ शी, शेंब पडत होती. सकाळी सातला डबीत घेतलेला नमुना त्यांनी शहरातल्या एका लॅबमध्ये दुपारी दिला आणि रिपोर्ट आला काही नाही म्हणून. मी स्वतः लॅबमध्ये काम करतो, त्यांना म्हटलं काका, उद्या इथंच या आणि इथंच डबी भरा. कोमट सलाईनचा एक थेंब, त्यात शेंबेचा कण, वर कव्हर स्लिप, आणि 10 पटीच्या लेन्समध्येच दिसला की, अंडाकृती मोठा जीव, अंगभर बारीक केसांची लव, गोल फिरत फिरत पुढं सरकत होता. हा ट्रॉफोझोइट, म्हणजे बॅलँटिडियमचं हलतं-फिरतं रूप. 50 ते 100 मायक्रॉन, कधी त्याहून मोठा, म्हणजे आवेच्या अमिबापेक्षा कितीतरी मोठा. नीट बघितलं तर आत घेवड्याच्या बीसारखं वाकडं मोठं केंद्रक दिसतं. पण बाहेर आल्यावर हा लवकर मरतो आणि विरघळतो, सकाळच्या डबीत दुपारी काय सापडणार. शिवाय तो रोज पडत नाही, म्हणून एक रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी वेगवेगळ्या दिवशी दोनतीनदा बघावं लागतं.

शी घट्ट असेल तर सिस्ट, म्हणजे त्याच जीवाचं कवचातलं रूप, मिळतो. गोल, 50 ते 70 मायक्रॉन, जाड भिंतीचा, लव दिसत नाही, पोहत नाही, पण आत तेच वाकडं केंद्रक असतं. पोटात गेलेला हाच सिस्ट आजार लावतो.

आणखी एक, डबीत पावसाचं किंवा संडासातलं पाणी पडू देऊ नका हं, साध्या पाण्यातही लववाले जीव असतात आणि बघणारा फसतो. डबी कोरडी हवी, लघवीही त्यात नको.

औषध डॉक्टरच देतील, मोठ्या माणसाला बहुतेक टेट्रासायक्लिन 10 दिवस, पण गरोदर बाईला आणि लहान पोरांना ते चालत नाही, म्हणून मेडिकलमधनं आपल्या मनानं आणू नका.

काकांच्या आडाला कठडा नव्हता आणि डुकरांचा खोपटा वरच्या अंगाला होता. आता खोपटा खालच्या अंगाला हलवलाय, आडाभोवती कठडा बांधलाय. पाणी उकळूनच पितात, कारण क्लोरीनच्या गोळीवर हा सिस्ट मरेल असा भरवसा नाही. डुकराचं खत ओलं तसंच कोबी-कोथिंबिरीला घालायचंही बंद केलंय, आधी ढिगात चांगलं कुजवतात, आणि खोपटा साफ केला की साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावत नाहीत.