परिच्छेदातलं लपलेलं वॉरंट शोधताना या चुका टाळा

दावा, आधार आणि वॉरंट यांच्या व्याख्या मुलांना तोंडपाठ असतात. समोर परिच्छेद ठेवला की मात्र तिसऱ्या रकान्यात काहीतरी भलतंच लिहिलं जातं, आणि वही तपासताना मला दर वेळी तोच शेरा मारावा लागतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिनने १९५८ मध्ये ही मांडणी केली, ती दोन साध्या प्रश्नांवर उभी आहे. कुणी दावा केला की पहिला प्रश्न असा: तुमच्याकडे आधार काय? दुसरा प्रश्न: त्या आधारावरून तुम्ही या दाव्यापर्यंत पोचलात कसे? वॉरंट म्हणजे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. लिहिणाऱ्याला ते इतकं उघड वाटतं की तो बहुधा ते लिहीतच नाही.

मी सरावाला नेहमी असा एक परिच्छेद देते:

> आमच्या ग्राहकसेवेत यंदा मोठी सुधारणा झाली आहे. गेल्या वर्षी महिन्याला सरासरी ४०० तक्रारी येत, यंदा त्या १८० वर आल्या. पूर्वी तक्रार फोनवरून किंवा लेखी घेतली जाई. आता ती फक्त अ‍ॅपवरून घेतली जाते, त्यामुळे नोंदीही नेटक्या राहतात. तेव्हा या विभागात नवी माणसं भरण्याची गरज नाही.

परिच्छेदात उरलेलं वाक्य वॉरंटच्या रकान्यात भरणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त वैताग येतो. रकाने तीन आहेत, म्हणजे परिच्छेदातही तिन्हीसाठी वाक्यं असणारच, असं धरून चालायचं. पहिलं वाक्य दावा, आकड्यांचं वाक्य आधार, मग उरलं ते अ‍ॅपचं वाक्य. झालं वॉरंट!

एका वादविवाद स्पर्धेच्या तयारीत एका संघाने अगदी हेच केलं. परिच्छेद साधारण असाच होता आणि त्याचं खंडन त्यांना करायचं होतं. ‘नोंदी नेटक्या राहतात’ हे वॉरंट ठरवून ते मोकळे झाले. त्यामुळे सगळा हल्ला नोंदींवर: १८० हा आकडा बरोबर कशावरून, मोजणी कुणी केली, काही महिने वगळले का? समोरच्या संघाने महिनावार तक्ता वाचून दाखवला. आकडा बरोबर होता. खंडन तिथेच संपलं, आणि उरलेला वेळ ती मुलं तेच प्रश्न फिरवून विचारत राहिली. खरं हत्यार त्यांच्याच कागदावर, चुकीच्या रकान्यात पडून होतं. तक्रार करण्याचे दोन रस्ते बंद करून एकच ठेवला, तर सेवा आहे तशीच राहूनही तक्रारी निम्म्याहून कमी होऊ शकतात. ज्याला अ‍ॅप वापरता येत नाही, त्याची तक्रार मोजलीच जात नाही.

इथलं वॉरंट परिच्छेदात कुठेच लिहिलेलं नाही. ते असं: येणाऱ्या तक्रारींची संख्या ही सेवेच्या दर्जाची खूण आहे.

माझी सवय सांगते. कागदावर वर दावा, खाली आधार लिहायचा आणि मूळ परिच्छेद उलटा ठेवून द्यायचा. मधलं वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहायचं. मग ते वाक्य नाकारून बघायचं. ‘तक्रारींच्या संख्येवरून सेवेचा दर्जा कळत नाही’ असं म्हटलं, तर ४०० आणि १८० हे आकडे खरेच राहतात, फक्त त्यांच्यावरून सुधारणेपर्यंत जाता येत नाही. आधार शाबूत राहून वाट तुटली, म्हणजे हाती लागलं ते वॉरंट. आता ‘नोंदी नेटक्या राहतात’ हे वाक्य नाकारा. इथे आकडाच संशयात येतो. म्हणजे ते वाक्य आधाराला टेकू देत होतं. ‘वॉरंट म्हणजे न सांगितलेलं गृहीतक’ हे सूत्र गाईडवाल्यांनी रूढ केलंय, आणि मुलं फसतात ती त्यामुळेच. आकडे नीट मोजले गेले आहेत, हेही गृहीतकच आहे; पण ते वॉरंट नाही.

वॉरंट फार तोकडं किंवा फार रुंद लिहिणं

घाईत असलेली मुलं लिहितात: ‘तक्रारी ४०० वरून १८० वर आल्या, तर सेवा सुधारली असते.’ यात नवीन काहीच नाही. आधार आणि दावा ‘तर’ने जोडले, एवढंच झालं. वॉरंट हा नियम असतो, म्हणून तो याच विभागापुरता असून भागत नाही. दुसरी संस्था, दुसरे आकडे घेतले तरी तो लागू पडायला हवा. न्यायदर्शनातली व्याप्ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच पटेल: या डोंगरावर धूर आहे एवढ्याने काम होत नाही, ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे म्हणावं लागतं.

दुसऱ्या टोकाला ‘आकडे नेहमी खरं सांगतात’ असली वाक्यं येतात. एवढं मोठं विधान लेखकाला लागतच नाही. ते त्याच्या गळ्यात मारून खोडून काढण्यात काही हशील नाही. समोरचा सरळ म्हणेल, मी असं म्हटलंच नव्हतं. लेखकाला पुरेल एवढंच वॉरंट लिहायचं, आणि तेही त्याच्या बाजूने शक्य तितकं सशक्त करून: ‘तक्रार करण्याची सोय आणि ग्राहकांची संख्या तशीच असताना तक्रारी बऱ्याच घटल्या, तर बहुधा सेवा सुधारलेली असते.’ हे मान्य करण्याजोगं आहे. आता नेमकं दिसतं की परिच्छेदाचं चौथं, अ‍ॅपचं वाक्यच त्यातली पहिली अट मोडतंय. ग्राहकांच्या संख्येबद्दल परिच्छेद गप्प आहे, तोही प्रश्न हातात येतो. ‘बहुधा’ हा शब्द मात्र गाळू नका. तो गाळला की एका अपवादाने सगळं खोडलं असं वाटायला लागतं.

काही छोट्या चुका

‘म्हणून’, ‘तेव्हा’ हे शब्द शोधून दावा ठरवू नका. वरच्या परिच्छेदात पहिला दावा पहिल्याच वाक्यात आहे आणि त्याच्यापाशी असा एकही शब्द नाही.

प्रत्येक ‘कारण’ म्हणजे युक्तिवाद नव्हे. ‘दिवे गेले कारण तार तुटली’ हा खुलासा आहे. दिवे गेलेत हे सगळ्यांना मान्यच आहे, तिथे वॉरंट शोधत बसू नका.

एका परिच्छेदात एकच वॉरंट धरणं

आपल्या परिच्छेदात दावे दोन आहेत. ‘नवी माणसं नकोत’ हा दुसरा, आणि त्याला स्वतःचं वॉरंट लागतं. बहुतेक जण लिहितात: ‘सेवा चांगली चालली असेल, तर असलेली माणसं पुरेशी आहेत.’ असं वाचलं तर पहिला दावा हा दुसऱ्याचा आधार होतो. अ‍ॅपच्या मुद्द्याने पहिला दावा डळमळला की दुसराही डळमळतो.

पण दुसरंही एक वॉरंट बसतं: ‘विभागाला किती माणसं लागतात, हे हाताळायच्या तक्रारींच्या संख्येवर ठरतं.’ या वाचनात ४०० आणि १८० वरून थेट ‘माणसं नकोत’पर्यंत जाता येतं, सुधारणेचा दावा मध्ये येतच नाही. सेवा सुधारलेली नसली तरी १८० तक्रारी हाताळायला माणसं कमीच लागणार. इथे अ‍ॅपचा आक्षेप तसाच फेकला तर तो लागत नाही. त्याऐवजी विचारावं लागेल की अ‍ॅपवरून आलेली एक तक्रार निकाली काढायला फोनवरच्या तक्रारीइतकाच वेळ लागतो का, आणि या विभागाकडे तक्रारींखेरीज दुसरी कामं आहेत का. परिच्छेद दोन्ही वाचनं चालवून घेत असेल, तर मी दोन्ही वॉरंटं कागदावर लिहिते आणि प्रत्येकासमोर त्याला लागणारा आक्षेप वेगळा मांडते.