दशांशस्थळं किती ठेवायची?

समजा, निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्षबागांतली गोडी तुम्ही ब्रिक्समध्ये मोजली, प्रत्येकी 20 वेलींवर. एक्सेल सरासरी 18.4400 आणि 17.8600 दाखवतं. यातले किती अंक खरे? प्रमाण विचलन 1.3 असेल, तर सरासरीची प्रमाण त्रुटी 1.3 ÷ √20, म्हणजे सुमारे 0.29. अनिश्चितता पहिल्याच दशांशात आहे, त्यामुळे पुढचे अंक नुसती सजावट. एकच स्थळ ठेवा: 18.4 आणि 17.9. सरासरी नेमकी 18 आली तरी तक्त्यात 18.0 लिहा.

आता खरी गोची. मूळ फरक 0.58, म्हणून मजकुरात 0.6 लिहिलं, पण तक्त्यातले आकडे वजा करणाऱ्याला 0.5 मिळतात. बरोबर 0.6च आहे. तक्त्याखाली 'फरक मूळ आकड्यांवरून काढला आहे' एवढी ओळ टाका, परीक्षकाचा प्रश्न तिथेच मिटतो.

राउंडिंग एकदाच, अगदी शेवटी करा. 17.846 आधी 17.85 आणि मग 17.9 केलं तर चुकलं, थेट 17.8 येतं. मजकूर लिहिताना तक्त्यातला आकडा पुन्हा राउंड केला की हे हमखास होतं.

एक्सेलमध्ये दशांश कमी करायचं बटण फक्त दिसणं बदलतं, मूळ किंमत तशीच राहते, आणि आपल्याला तेच हवं. `=ROUND(B2,1)` मात्र किंमतच बदलतं. ते मधल्या गणितात नको. आलेखावरच्या लेबलांचं स्वरूप वेगळं तपासा, तिथे बऱ्याचदा 18.44 तसंच राहून जातं.