माती परीक्षण अहवालातील ८.२ आणि ८.९: खरिपापूर्वी सामू नीट वाचा

उन्हाळी नांगरट झाली की मातीचे नमुने प्रयोगशाळेत जातात आणि मे अखेरीस अहवाल हाती येतो. त्यातील ‘सामू’ हा रकाना बहुतेक जण वाचतात, पण ८.२ आणि ८.९ हे आकडे शेजारी शेजारी दिसले की दोन्ही जमिनींना एकच शिक्का मारून एकच उपाय करतात. हा सल्ला त्या एका चुकीविषयी आहे.

सामू, म्हणजेच पीएच, हे ओलाव्यात मोकळे असलेले हायड्रोजन आयन किती आहेत, याचे माप आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील सोरेनसन या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ही पट्टी मांडली. ७ हा मध्य. त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. हे आकडे फूटपट्टीवरच्या इंचांसारखे मात्र नाहीत. एक अंक खाली गेला की आयन दहापट होतात, एक अंक वर गेला की दहावा हिस्सा उरतो. त्यामुळे ८.२ आणि ८.९ यांत दिसायला ०.७ चे अंतर असले, तरी प्रत्यक्षात फरक पाचपट आहे.

कोणता पदार्थ या पट्टीवर कुठे बसेल, हे त्यात काय विरघळले आहे यावर ठरते. दुधाचा सामू ६.६ ते ६.७ असतो. विरजणातील जिवाणू दुधातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करू लागतात, सामू घसरत जातो आणि ४.६ च्या आसपास आला की दुधातील केसीन एकत्र येऊन दही घट्ट लागते. साबण दुसऱ्या टोकाला, ९ ते १० वर असतो, कारण तो तेलातील दुबळ्या आम्लाचे आणि सोडियमचे लवण आहे. सोडियम तीव्र अल्कलीतून आलेले, आम्ल मात्र दुबळे, म्हणून पाण्यात विरघळताच अल्कलीची बाजू वरचढ ठरते.

आपली काळी चुनखडीयुक्त जमीन या दोहोंच्या मध्ये, साधारण ७.८ ते ८.४ मध्ये राहते. तिला तिथे धरून ठेवतो तो मातीतला मुक्त चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो पाण्यात अत्यल्प विरघळतो, म्हणून सामू फार वर चढत नाही. पण आम्ल आले की ते खाऊन टाकतो, म्हणून सामू खालीही येत नाही. ८.५ च्या वर आकडा गेला तर मात्र चुना एकटा हे करू शकत नाही. तिथे सोडियमचा हात असण्याची दाट शक्यता असते आणि त्याच्या जोडीला धुण्याच्या सोड्याचा, म्हणजे सोडियम कार्बोनेटचा अंश असतो. अशा जमिनीला शेतकरी चोपण म्हणतात. तिचा चिखल बोटांत साबणासारखा बुळबुळीत लागतो, पाणी वर साचून राहते आणि वाळली की ढेकूळ दगडासारखे होते. सांगली-कोल्हापूरकडील कृष्णाकाठी आणि कालव्याच्या बागायती पट्ट्यांत अशी शिवारे पुष्कळ आहेत.

आता एक उदाहरण करून पाहू. समजा, एका शेतकऱ्याच्या वरच्या रानाचा सामू ८.२ आणि मुक्त चुना ९ टक्के आहे. सोयाबीन दरवर्षी तीन-चार पानांवर आले की शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. लोह मातीत भरपूर असते, पण या सामूला ते विरघळत नाही. दुकानात सल्ला मिळतो की एकरी १० किलो गंधक टाका, सामू उतरेल. हिशेब मांडून बघा. एका एकरातील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे ८ लाख किलो भरते, त्यात ९ टक्के म्हणजे ७२ हजार किलो चुना झाला. एक किलो गंधकाचे मातीत पूर्ण आम्ल झाले तर ते साधारण तीन किलो चुना संपवते. सगळा चुना संपवायला एकरी २३ टन गंधक लागेल. १० किलोने जेमतेम ३० किलो चुना जातो. आंबट ताक सोडणाऱ्यांचा हिशेब तर याहूनही तोकडा आहे: शंभर लिटर ताकातील आम्ल अर्धा किलो चुनाही विरघळवत नाही. गंधक सोयाबीनला अन्नद्रव्य म्हणून हवेच, ते जरूर द्यावे, पण सामू उतरवण्यासाठी देऊ नये.

या रानात जमीन बदलण्याऐवजी पिकाला लोह पोहोचवणे शहाणपणाचे. पेरणीपूर्वी एकरी १० किलो फेरस सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून द्यावे. नुसते मातीत टाकले तर चुना त्याला लगेच अडकवतो. पिवळेपणा दिसताच १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल घेऊन सकाळी किंवा संध्याकाळी फवारावे, गरजेनुसार आठ-दहा दिवसांनी पुन्हा. द्रावण फिकट हिरवे दिसले पाहिजे. ते विटकरी झाले असेल तर लोह गंजून गेले, असे समजून टाकून द्यावे.

त्याच शेतकऱ्याचे ओढ्याकडचे खालचे रान ८.९ आहे. तिथे लोहाची फवारणी हा उपाय नाही, कारण मूळ दुखणे सोडियमचे आहे. तिथे जिप्सम हवे: त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमला बाजूला सारते. पण सुटलेला सोडियम पाण्याबरोबर रानाबाहेर गेला नाही, तर खर्च फुकट जातो. म्हणून आधी चर खोदावेत, मग जिप्सम. प्रयोगशाळेकडून ‘जिप्समची गरज’ ही वेगळी तपासणी करून घ्यावी आणि साधारणतः त्या मात्रेच्या निम्मे जिप्सम पहिल्या पावसाआधी वरच्या थरात मिसळावे. पाठोपाठ धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडल्यास माती मोकळी होण्यास मदत होते. हेच जिप्सम ८.२ च्या रानात सामू उतरवण्यासाठी टाकणाऱ्यांना काहीच फरक दिसत नाही आणि मग ते जिप्समलाच बोल लावतात.

दोन आकड्यांवर एवढे अवलंबून असल्याने नमुना बिनचूक घ्यावा. बांधाकडेची, झाडाखालची, खताचा ढीग पडलेल्या जागेची माती टाळून रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे वीतभर खोल खड्डे घ्यावेत, कडेची माती तासावी, सावलीत वाळवून, चार भाग करत अर्धा किलो उरवावी. उंच आणि सखल रानाची माती एकत्र करू नये, ८.२ आणि ८.९ मिसळून आलेला आकडा कोणत्याच रानाचा नसतो. घरी पट्टीने तपासणारे विहिरीचे पाणी वापरतात, तेव्हा विहिरीचा सामूही त्यात मिसळतो. एक भाग माती आणि अडीच भाग ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. चुना आहे का, एवढेच पाहायचे असेल तर वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून कान जवळ न्यावा. चुना भरपूर असेल तर बारीक फसफस ऐकू येते.