एसीएल ऑपरेशननंतर खुराक कमी करताना या चुका टाळा

आमच्याकडे कोल्हापुरात पैलवानाचा गुडघा गेला की दोन गोष्टींपैकी एक होते. एकतर घरचे म्हणतात हाड-मांस भरून यायचंय, खुराक आहे तसाच चालू दे. नाहीतर पोरगं स्वतःच घाबरून जेवणच सोडतं. मी गेली काही वर्षं पैलवान पोरांचं खाणंपिणं बघतोय आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या चुकीचं नुकसान जास्त, कारण ती चूक दिसत नाही, उलट वजन उतरलं म्हणून बरं वाटतं.

एका पोराचं उदाहरण सांगतो. वय २४, उंची १७२ सेंटीमीटर, वजन ७८ किलो, सकाळ-संध्याकाळ मेहनत. गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट तुटला, ऑपरेशन झालं, ब्रेस आणि कुबड्या घेऊन घरी. दुसऱ्या आठवड्यात मला फोन, "सर, बसूनच आहे, म्हणून दोन भाकरी आणि वरण एवढंच ठेवलंय, तीन किलो उतरलोय." आवाजात आनंद होता. मी घरी गेलो आणि टेप लावली. ऑपरेशन झालेली मांडी दुसरीपेक्षा बारीक होती हे अपेक्षितच, पण धडधाकट पायाची मांडीसुद्धा महिन्याभरापूर्वीच्या मापापेक्षा दोन सेंटीमीटरने कमी भरली. मेहनत बंद झाली की चांगला पायही थोडा उतरतो, पण दोन आठवड्यांत एवढा उतरला तर गुडघ्याकडे बघायचं नाही, ताटाकडे बघायचं.

पहिली चूक: बसून आहे म्हणजे काही लागत नाही असं धरणं

हिशोब साधा आहे. या पोराचं शरीर नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला साधारण १७५० कॅलरी जाळतं. त्यात घरातलं उठणं-बसणं, जखम भरण्याचा खर्च, आणि कुबड्यांवर चालणं (हे साध्या चालण्यापेक्षा खूप जास्त दमवतं, ज्यांनी केलंय त्यांना विचारा) धरलं की आकडा २३५० ते २४०० वर जातो. मेहनत चालू असताना तो ३५०० च्या आसपास खायचा, म्हणजे अकराशेची कपात बरोबर होती. त्याने दोन हजार कापले आणि १५०० वर आला. एवढ्या तुटीत शरीर नवीन स्नायू बांधण्याचं काम मागे टाकतं, आणि न वापरलेला पाय आधीच उतरणीला लागलेला असतो. निरोगी तरुणांचा एक पाय नुसता दोन आठवडे बांधून ठेवला तरी मांडीचा पुढचा स्नायू आठ टक्क्यांच्या आसपास घटतो आणि ताकद त्याच्या दुप्पटीहून जास्त उतरते हे प्रयोगांत दिसलंय. जेवणाने ही घट थांबत नाही, कमी होते, आणि तीही फिजिओने दिलेला मांडी आवळायचा व्यायाम रोज केला तरच.

दुसरी चूक: सगळंच सारखं कापणं

कापायचं ते मेहनतीसाठीचं इंधन, बांधकामाचा माल नाही. त्याचा खुराक मी कागदावर लिहून काढला. ५० ग्रॅम तूप, ५० ग्रॅम बदामांची, साखर घातलेली थंडाई, एक लिटर म्हशीचं दूध, वर भाकरी-मटण. तूप दोन चमच्यांवर आणलं की साडेतीनशे गेल्या, थंडाई बंद केली की आणखी तेवढ्याच, आणि एक लिटर म्हशीच्या जागी अर्धा लिटर गाईचं दूध घेतलं की सहाशे. झाल्या की तेराशे! पण दूध-बदाम कमी केल्याने तीसेक ग्रॅम प्रोटीनही जातं, ते अंडी-चिकनने भरून काढायचं, त्याच्या दोनशे कॅलरी परत येतात. हिशोब जुळला.

प्रोटीन उलट वाढवायचं. एरवी वजनाच्या किलोमागे दीड ग्रॅम चालतं, पण बांधलेल्या पायाचा स्नायू प्रोटीनला नेहमीसारखा प्रतिसाद देत नाही, म्हणून मी १.८ धरतो, म्हणजे याला १४० ग्रॅम. (किडनीचा त्रास किंवा युरिक अॅसिड असेल तर आधी डॉक्टर, हे आकडे तुमच्यासाठी नाहीत.)

तिसरी चूक: सगळं प्रोटीन रात्रीच्या मटणात

हे तर घरोघरी. सकाळी चहा-पोहे, दुपारी भाकरी-आमटी, आणि रात्री पोटभर मटण. सकाळी पोह्यात मोजून पाचेक ग्रॅम प्रोटीन, मग दिवसभर स्नायूला माल मिळतच नाही. दिवसातून चारदा साधारण २५ ते ४० ग्रॅम आणि उरलेलं झोपताना, असं वाटून द्यायचं. आम्ही असं बसवलं: सकाळी ३ अख्खी अंडी, ३ पांढरे आणि एक भाकरी (३२), दुपारी शिजवलेलं चिकन १२० ग्रॅम आणि भाकरी (३९), फिजिओचा व्यायाम झाला की पाण्यात एक स्कूप व्हे प्रोटीन पावडर (२४), रात्री १०० ग्रॅम पनीर, वाटीभर घट्ट डाळ, भाकरी (२९), झोपताना अर्धा लिटर दूध (१६). बेरीज १४०. अंडी-चिकन न खाणाऱ्याने ५० ग्रॅम सुके सोया चंक्स घ्यावेत, त्यातून २५ ग्रॅम मिळतं.

इथे पायाच्या सुपाबद्दल बोलायलाच हवं कारण प्रत्येक आई ते करते आणि मायेने करते. जरूर प्या, पण १४० च्या हिशोबात धरू नका, त्यात प्रोटीन असलंच तर ते बहुतेक जिलेटिनचं, आणि स्नायूसाठी ते अपुरं आहे. डिंकाचा लाडूही एक ठीक, पण एका लाडवात दीडशे-दोनशे कॅलरी सहज असतात, दिवसाला तीन झाले की तूप कमी केलेलं सगळं परत आलं.

चौथी चूक: फक्त काट्यावर विश्वास

पहिल्या दोन आठवड्यांत काटा फसवतो. गुडघ्यात सूज म्हणजे पाणी, पेनकिलरने पोट साफ नाही, दुसरीकडे मेहनत बंद आणि भाकरी कमी म्हणून स्नायूतला साठा आणि त्याबरोबरचं पाणी गेलेलं. म्हणून रोज सकाळी वजन घ्या पण आठवड्याची सरासरीच बघा, आणि दर रविवारी टेप लावा. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटीमीटर वर पेनाने खूण करायची (त्याहून खाली सुजेमुळे माप चुकतं), दोन्ही मांड्या, आणि बेंबीवर कंबर.

आता वाचायचं कसं. वजन आणि चांगली मांडी दोन्ही घसरतायत, तर २०० कॅलरी वाढवा, भात-भाकरीतून. मांडी आहे तिथेच आणि कंबर दोन आठवडे सलग वाढतेय, तर दीडशे-दोनशे कमी करा, पण तेल-तूप-साखरेतून, अंड्यातून नाही. फक्त ऑपरेशनची मांडी मागे आहे आणि बाकी सगळं स्थिर, तर ताटाला हात लावू नका, तो प्रश्न फिजिओला विचारा.

पाचवी, जी महिन्या-दीड महिन्याने होते

कुबड्या सुटतात, सायकल आणि लेग प्रेस सुरू होतं, आणि खाणं मात्र पहिल्या आठवड्याचंच राहतं. मग पोरगं म्हणतं व्यायाम झेपत नाही, दुसऱ्या दिवशी पाय जड, झोप नीट नाही. फिजिओने वजन वाढवलं त्याच आठवड्यात व्यायामाच्या आधी एक भाकरी नाहीतर दोन केळी वाढवायची, पंधरा दिवसांनी टेप बघून पुढचं ठरवायचं. आमच्या पोराचं सहाव्या आठवड्यात २४०० चं २६०० केलं, दहाव्यात २८००. चांगली मांडी जुन्या मापावर आली, ऑपरेशनची अजून दीड सेंटीमीटर मागे आहे. थंडाई त्याने दोनदा मागितली, मी म्हटलं मॅटवर उतरशील त्या दिवशी.