नवा राउटर बसवून निघताना मावशीच्या हाती द्यायचा कागद

राउटर बसला, मोबाईलवर नेट आलं, की निघायची घाई होते. पण निघण्याआधी ए-फोर कागदाची एक बाजू भरेल एवढं लिहून ठेवा. घर असं धरू: मावशी एकटीच राहते, फायबरची लाईन आहे, भिंतीवर कंपनीचा छोटा डबा आहे आणि त्याला जोडलेला तुमचा नवा राउटर.

सगळ्यात वर, ठळक बॉलपेनने, वायफायचं नाव आणि पासवर्ड लिहा. जुन्या राउटरचं नाव आणि पासवर्ड नव्यालाही तेच ठेवले, तर टीव्ही आणि फोन बहुतेक वेळा आपोआप जोडले जातात. मात्र जुना पासवर्ड अख्ख्या गल्लीला ठाऊक असेल तर बदलाच. नवा ठरवताना टीव्हीच्या रिमोटवरून तो टाकायचा आहे हे लक्षात ठेवा. चित्रविचित्र चिन्हं नकोत, शून्य आणि ओ, एक आणि स्मॉल एल यांचा गोंधळ होईल अशी अक्षरंही नकोत. उदाहरणार्थ:

```
नाव:      TulasGhar
पासवर्ड:  peru-chinch-anjeer-47
```

खाली मराठीत लिहा: "पेरू, चिंच, अंजीर, सत्तेचाळीस, मधे आडव्या रेघा, पासवर्डची सगळी अक्षरं लहान." अंजिराचं स्पेलिंग प्रत्येकजण वेगळं करतो, म्हणून इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी टाकायची हेही सांगा. राउटरच्या बुडाशी छापलेला पासवर्ड आता चालत नाही, तरी पाहुणे हमखास तोच वाचून टाकतात. त्यावर कागदाची पट्टी चिकटवा.

राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड वेगळा असतो. तो पुढच्या बाजूला लिहू नका. मावशीला त्याचं काम नाही आणि दोन पासवर्ड शेजारी आले की नेमका चुकीचाच टाकला जातो. कागदाच्या मागे तो, सेटिंगचा पत्ता (बऱ्याचदा `192.168.0.1` किंवा `192.168.1.1`) आणि लाईन जोडण्यासाठी राउटरमध्ये भरायला कंपनीने दिलेलं पीपीपीओई युजरनेम-पासवर्ड असेल तर तेही लिहा. कोणी टाचणी घालून रीसेटचं बटण दाबलं तर हे सगळं राउटरमधून पुसलं जातं, आणि मग दिवे लागलेले दिसतात पण नेट येत नाही. म्हणून पुढच्या बाजूला एक ओळ हवीच: "बारीक भोकात टाचणी घालायची नाही."

यानंतर नेट गेल्यावर काय करायचं ते. आधी डब्यावरचा `LOS` दिवा पाहायचा. तो लाल असेल तर बहुधा बाहेर फायबर तुटली आहे किंवा डब्यामागची पातळ वायर निघाली वा दुमडली आहे. राउटर बंद-चालू करून काही होणार नाही, थेट फोन करायचा. लाल नसेल तर दोन्हींची बटणं बंद करून अर्धा मिनिट थांबायचं, आधी डबा चालू करायचा, दोन मिनिटांनी राउटर. तरीही नेट नसेल तर रिचार्ज संपलाय का ते पाहायचं, म्हणून प्लॅन संपायची तारीख कागदावर पेन्सिलने लिहा, दर वेळी खोडता येईल.

दोन्ही अडॅप्टरवर "डबा" आणि "राउटर" अशा चिठ्ठ्या लावा. पिना सारख्याच दिसतात, पण एक १२ व्होल्टचा आणि दुसरा ९ व्होल्टचा असू शकतो. व्होल्ट सारखे पण अँपिअर कमी असले तरी राउटर मधेच बंद पडून पुन्हा सुरू होत राहतो, आणि दोष लाईनला दिला जातो.

फोन कोणाला, हे क्रमाने लिहा: पहिला गावातला लाईनमन किंवा केबलवाला, दुसरं कंपनीचं कस्टमर केअर, तिसरे तुम्ही. शेजारी ग्राहक क्रमांक आणि नोंदलेला मोबाईल नंबर लिहा. तो नंबर कोणाच्या फोनचा आहे हेही. तक्रार नोंदवताना ओटीपी तिथेच जातो, आणि तो पुण्यातल्या भाच्याच्या फोनवर असेल तर मावशी सांगलीत फोन धरून ताटकळते. फोनवर बोलायचं वाक्यही लिहून द्या: "ग्राहक क्रमांक अमुक, एलओएस लाल आहे, सकाळपासून नेट नाही." नुसतं "नेट चालत नाही" म्हटलं की समोरून आधी राउटर बंद-चालू करायला सांगतात. स्वतःहून फोन करून ओटीपी मागणारा किंवा कसलं ॲप टाकायला सांगणारा कोणीही असो, फोन ठेवायचा, हेही त्याच रकान्यात.

आता कागद तपासा. मावशीच्या फोनवर वायफायचं नाव दाबून `Forget` करा, कागद तिच्या हाती द्या आणि तुम्ही गप्प बसा. जिथे ती अडेल ती ओळ तिच्या शब्दांत पुन्हा लिहा. मग कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, दोन्ही बाजूंचा फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा आणि जुन्या राउटरची भिंतीवरची चिठ्ठी फाडून टाका.