डीपीसीचं कॉंक्रीट आणि बॅगेला एक किलोचा हिशोब

साइटवर नवीन लागलेल्यांसाठी लिहितोय, कारण माझी पहिली डीपीसी, म्हणजे जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून जोत्यावर टाकायचा थर, अर्ध्याहून जास्त उकरून परत टाकावी लागली होती. हिशोब बरोबर होता, घोळ झाला तो माल कालवताना.

प्लिंथ लेव्हलला सगळ्या भिंतींवर, आतल्यासुद्धा, १:२:४ कॉंक्रीटचा ४० मिमीचा थर टाकायचा होता, खडी बारीक, १२ मिमीच्या आतली. भिंतींची लांबी ४३ मीटर निघाली (जिथे भिंती एकमेकींना मिळतात तिथला तुकडा दोनदा मोजला जात नाही ना हे आधी बघा), त्यातून दारांचे ३ मीटर वजा केले कारण दारात डीपीसी टाकत नाहीत. राहिले ४०. रुंदी ०.२३ मी. आणि जाडी ०.०४ मी. म्हणजे ०.३६८ घनमीटर ओलं कॉंक्रीट. कोरड्या मालासाठी १.५४ ने गुणलं की ०.५६७, त्याचा सातवा भाग सिमेंट म्हणजे ०.०८१ घनमीटर, आणि घनमीटरला १४४० किलो धरून साधारण ११७ किलो, म्हणजे २.३३ बॅगा.

वॉटरप्रूफिंग पावडर सिमेंटच्या वजनाच्या २ टक्के, म्हणजे ५० किलोच्या बॅगेला १ किलो. ती कॉंक्रीटच्या घनमीटरवर काढायची नाही, सिमेंटवरच काढायची. मला २.३३ किलो लागणार होती, मी एक-एक किलोची तीन पाकिटं आणली आणि निर्धास्त झालो.

पण मिक्सरमध्ये घाणा अर्ध्या बॅगेचा चालला होता आणि मिस्त्री "बॅगेला एक पाकीट" एवढंच ऐकून प्रत्येक घाण्यात अख्खं पाकीट टाकत होते. तीन घाणे झाले, पाकिटं संपली आणि १४ मीटर भिंत अजून कोरडीच, तेव्हा माझ्या लक्षात आलं. डोस दुप्पट पडला की कॉंक्रीट सेट व्हायला उशीर लागू शकतो, ताकदही कमी पडू शकते, म्हणून सीनियरनी तो २५-२६ मीटरचा पट्टा ओला असतानाच काढायला लावला. तेव्हापासून मी ५०० ग्रॅमच्या पुड्या आधीच बांधून ठेवतो, घाण्याला एक, आणि पुडी कोरड्या सिमेंटमध्ये नीट मिसळल्याशिवाय वाळू-खडी पडू देत नाही. लिक्विड असेल तर ते पाण्यातून जातं आणि त्याचं प्रमाण वेगळं असतं, डब्यावर लिहिलेलं तेच घ्या.

टाकायच्या आधी विटांचा वरचा थर घासून धुवायचा, ओला करायचा, दोन्ही बाजूंनी ४० मिमीच्या पट्ट्या लावायच्या आणि शक्यतो सगळा थर एका दमात ओतायचा, जोड राहिला की ओल तिथूनच चढते. सात दिवस पाणी मारायचं, पूर्ण वाळला की वर गरम डांबराचे दोन हात.

आणि एक, बाहेरून मातीचा भराव डीपीसीच्या वर जाऊ देऊ नका, किमान १५० मिमी खालीच ठेवा, नाहीतर ओल थराला वळसा घालून भिंतीत शिरते आणि काही महिन्यांनी स्कर्टिंगच्या वर पांढरे क्षार फुटलेला पट्टा दिसायला लागतो.