'विश' आणि 'इफ ओन्ली': आधी 'नाही की नव्हता' ठरवा, मग इंग्रजी लिहा

आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेत मी संध्याकाळी इंग्रजी व्याकरण घेते. बहुतेक मुलंमुली मराठी माध्यमाची. कुणी स्टाफ सिलेक्शनची तयारी करतं, कुणी बँकेची, एखाद-दुसरी आयईएल्टीएसची. काळ, कर्मणी, अप्रत्यक्ष कथन हे सगळं पाठांतरावर निभावून नेणारी मुलं 'विश'च्या वाक्यांशी आली की अडखळतात. नियम त्यांना येत नाही असं नसतं. 'आत्ताची खंत असेल तर साधा भूतकाळ, गेलेल्या गोष्टीची खंत असेल तर पूर्ण भूतकाळ' हा नियम प्रत्येकाच्या वहीत असतो. खंत आत्ताची की गेलेली, हे ठरवताना मात्र गाडी अडते.

ती का अडते, हे मला त्यांच्या वह्या वाचून उमगलं. आपण मनातल्या मनात मराठी वाक्य बोलतो, 'मला त्याचा नंबर माहीत असता तर!' आता सांगा, हे आजचं की कालचं? 'माहीत असता तर आत्ता फोन केला असता' असंही आपण म्हणतो आणि 'माहीत असता तर काल फोन केला असता' असंही. 'असता' दोन्हीकडे तोच. 'मला पोहता येत असतं तर', 'घर जवळ असतं तर' यांचीही तीच गत. मराठीला इथे काळ दाखवायची गरज वाटत नाही, पुढच्यामागच्या बोलण्यातून तो कळतो. इंग्रजीत मात्र 'आय विश आय न्यू हिज नंबर' हे आजचं आणि 'आय विश आय हॅड नोन हिज नंबर' हे कालचं. यातलं एक निवडावंच लागतं.

म्हणून मी नव्या मुलांना सांगते की इच्छेचं मराठी वाक्य भाषांतराला घेऊच नका. त्याच्यामागची वस्तुस्थिती मराठीत लिहा, कारण वस्तुस्थिती सांगताना मराठी काळ चोख दाखवते. 'मला नंबर माहीत नाही' आणि 'मला नंबर माहीत नव्हता' यांत कुणाचाही गोंधळ होत नाही. 'नाही' आलं की इंग्रजीत साधा भूतकाळ, 'नव्हता' आलं की पूर्ण भूतकाळ. सोबत होकाराचा नकार आणि नकाराचा होकार करायचा, कारण इच्छा नेहमी वस्तुस्थितीच्या उलट असते. एवढं वहीच्या समासात पेन्सिलीने लिहायची सवय लागली की निम्म्याहून जास्त चुका जागच्या जागी थांबतात.

एक प्रसंग घेऊन पाहू. मी वर्गात हाच देते.

एका मुलीला वसतिगृहाचा अर्ज भरायचा होता. काल शेवटची तारीख होती. ती सायबर कॅफेत उशिरा गेली. तिच्याकडे लॅपटॉप नाही. भाऊ शहरात आहे, तो मदत करू शकतो, पण सकाळपासून फोन उचलत नाही. आता तिला वर्षभर थांबावं लागणार आहे.

पहिली वस्तुस्थिती 'मी उशिरा गेले'. ही घडून गेली, म्हणून 'आय विश आय हॅडन्ट गॉन लेट'. किंवा उलट बाजूने, 'आय विश आय हॅड गॉन अर्लियर'. इथे सहसा कुणी चुकत नाही.

दुसरी, 'माझ्याकडे लॅपटॉप नाही'. आजची स्थिती, म्हणून 'आय विश आय हॅड अ लॅपटॉप'. इथे एक हात हमखास वर येतो, 'ताई, यात तर हॅड आहे, मग हा पूर्ण भूतकाळ ना?' नाही. 'हॅड'च्या पुढे काय आलंय ते बघायचं. पुढे वस्तूचं नाव असेल तर तो 'हॅव'चा साधा भूतकाळ. पुढे क्रियापदाचं तिसरं रूप असेल, जसं 'हॅड गॉन', 'हॅड नोन', तर पूर्ण भूतकाळ.

आता तिला म्हणायचंय की काल त्या वेळी लॅपटॉप असता तर अर्ज भरला गेला असता. वस्तुस्थिती 'काल माझ्याकडे लॅपटॉप नव्हता'. मग 'आय विश आय हॅड हॅड अ लॅपटॉप यस्टरडे'. दोन 'हॅड' शेजारीशेजारी बघून मुलं एक खोडतात. खोडू नका. पहिला सहाय्यक, दुसरा 'हॅव'चं तिसरं रूप. हे वाक्य अगदी शुद्ध आहे आणि लोक ते रोज बोलतात. तिच्याकडे लॅपटॉप कालही नव्हता आणि आजही नाही, तेव्हा दोन्ही वाक्यं खरी आहेत. ती कशाबद्दल हळहळतेय त्यावर निवड ठरते.

तिसरी वस्तुस्थिती 'भाऊ फोन उचलत नाही'. समोरच्याने काहीतरी करावं, आणि तो ते करत नाहीये याचा वैताग, असं असलं की 'वुड' येतं, 'आय विश ही वुड आन्सर द फोन'. पाऊस थांबत नाही, शेजारी आवाज कमी करत नाहीत, अशा सगळ्या ठिकाणी हेच. मात्र 'वुड' स्वतःबद्दल वापरत नाहीत, 'आय विश आय वुड' ऐकायला विचित्र लागतं. आपल्याला जमत नाही असं म्हणायचं तर 'कुड', म्हणजे 'आय विश आय कुड हेल्प'. असणं, माहीत असणं अशा स्थितीच्या क्रियापदांनाही 'वुड' चालत नाही, तिथे साधा भूतकाळच.

चौथी, 'वर्षभर थांबावं लागणार आहे'. भविष्याचा सूर असल्याने मुलं इथे 'विल' आणतात. पण 'विश'नंतर 'विल' येत नाही. लागणार हे आजच ठरलेलं आहे, म्हणून 'आय विश आय डिडन्ट हॅव टू वेट अ इअर'.

आणि दोन्ही काळ एकाच वाक्यात जोडायचे असतील तर 'इफ ओन्ली' कामाला येतं. त्याचे काळ 'विश'सारखेच, हळहळ मात्र जास्त. 'इफ ओन्ली आय हॅड गॉन अर्लियर!' एवढ्यावर वाक्य संपू शकतं. पुढे परिणाम जोडला तर 'इफ ओन्ली आय हॅड गॉन अर्लियर, आय वुडन्ट बी वेटिंग नाऊ'. चूक कालची, परिणाम आजचा, आणि प्रत्येक भागाने आपापला काळ घेतला. परिणामातलं 'वुड' पहिल्या भागात शिरलं की घोटाळा होतो. 'इफ ओन्ली आय वुड हॅव गॉन' असं बोलताना काही इंग्रजी भाषक ऐकू येतील, पण परीक्षेत चुका शोधायच्या प्रश्नात ते चूकच धरायचं. 'ओन्ली इफ' मात्र निराळं. त्याचा अर्थ 'तरच', आणि त्यात खंत नसते.

आता पेन्सिलीची युक्ती कुठे फसते तेही सांगते, कारण हुशार मुलं नेमकी तिथे सापडतात.

'तो माझ्या जागेवर बसलाय.' क्रियापद भूतकाळी दिसतं, पण तो या क्षणी तिथे आहे. वस्तुस्थिती आजची, म्हणून 'आय विश ही वेअरन्ट सिटिंग इन माय सीट'. तसंच 'मला समजलं नाही'. गणित समोर आहे आणि अजून डोक्यात शिरत नाही, तर 'आय विश आय अंडरस्टूड धिस'. उलट 'किल्ली हरवलीय' हे आजचं वाटतं, पण हरवण्याची क्रिया घडून गेलेली आहे, म्हणून 'आय विश आय हॅडन्ट लॉस्ट द की'. अशा वेळी क्रियापदाचं रूप बाजूला ठेवून विचारायचं की मला जे बदलायचंय ते आत्ता चालू आहे, की होऊन गेलं? चालू असेल तर साधा भूतकाळ. झालं गेलं असेल, मग ते पाच मिनिटांपूर्वी का होईना, तर पूर्ण भूतकाळ.

दुसरी जागा उद्याची. आपण सहज म्हणतो, 'तू उद्या आला असतास तर बरं झालं असतं'. 'आला असतास' ऐकून मुलं 'हॅड कम टुमॉरो' लिहितात. वस्तुस्थिती अशी की तो उद्या येऊ शकत नाही. म्हणून 'आय विश यू कुड कम टुमॉरो', किंवा न येण्याचं ठरलेलंच असेल तर 'आय विश यू वेअर कमिंग टुमॉरो'. आणि त्याचं यायचं की नाही हे अजून ठरायचं असेल, शक्यता खुली असेल, तर 'विश' नकोच, 'आय होप यू कम' म्हणा. 'आय विश यू विल पास' हे शुभेच्छापत्रावर दिसणारं वाक्यही 'होप'चंच आहे. 'आय विश यू सक्सेस' मात्र बरोबर, कारण तिथे पुढे वाक्य नाही, नाम आहे.

'वॉज' की 'वेअर' यावर फार वेळ घालवू नका. बोलताना 'आय विश आय वॉज टॉलर' सर्रास चालतं, परीक्षेत 'वेअर' निवडा.

थोडे पुढे गेलेल्यांना 'विश' स्वतः भूतकाळात गेलं की शंका येते. 'शाळेत असताना मला वाटायचं, आपल्याला सायकल असती तर!' सगळंच मागचं, म्हणून मुलं 'आय विश्ड आय हॅड हॅड अ सायकल' करतात. पण काळ आजच्या नव्हे, वाटण्याच्या क्षणापासून मोजायचा. वाटत होतं तेव्हाच सायकल नव्हती, दोन्ही एकाच वेळचं, म्हणून 'आय विश्ड आय हॅड अ सायकल'. वाटण्याच्याही आधी जे घडून गेलं असेल त्यालाच पूर्ण भूतकाळ. 'निकाल लागल्यावर वाटलं, जास्त अभ्यास करायला हवा होता' याचं 'आय विश्ड आय हॅड स्टडीड हार्डर'.

आयईएल्टीएसवाल्यांसाठी ऐकण्याचं एक. बोलताना 'हॅड' आणि 'वुड' दोन्ही आखडून नुसता 'ड' उरतो, आणि 'आयड', 'यूड' एवढंच कानावर पडतं. तेव्हा पुढचं क्रियापद ऐका. 'आय विश यूड टोल्ड मी' यात तिसरं रूप आहे, म्हणजे 'हॅड', सांगायचं राहून गेलं. 'आय विश यूड टेल मी' यात मूळ रूप, म्हणजे 'वुड', अजून सांगत नाहीये. पण 'पुट', 'कट', 'शट' यांची तिन्ही रूपं सारखीच. 'आय विश यूड शट द डोअर' नुसतं ऐकलं तर दार तेव्हा लावायला हवं होतं की आता लावावं, हे कळत नाही. तिथे पुढचं वाक्य ऐका. 'द डॉग गॉट आउट' आलं तर 'हॅड', 'इट्स कोल्ड इन हिअर' आलं तर 'वुड'.